कॅप मारलेला पाइप

तक्रार साधीच होती. पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या वॉशरूममध्ये नळ सोडला की पहिलं ओंजळभर पाणी वास मारतं, मग ठीक होतं. गटारासारखा नाही, पण सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा वास. सोमवारी जास्त, बुधवारपर्यंत कमी. ही इमारत मी देखभालीसाठी बघत होतो. नळाला वास म्हटल्यावर सगळे करतात तेच माझ्याआधीच्या माणसाने केलं होतं, म्हणजे गच्चीवरची टाकी धुवून घेतली होती. एकदा नव्हे, तीन महिन्यांत दोनदा. टाकी धुतली की त्या आठवड्यात वास उलट वाढायचा.

हे उलट वाढणं हाच खरा धागा होता. तो समजायला आधी फॉल्स सीलिंगच्या वर काय होतं ते सांगतो.

चौथ्या मजल्यावर पूर्वी सायकलवरून येणाऱ्यांसाठी शॉवरची खोली होती. नंतर नवीन भाडेकरू आला, त्याने ती खोली पाडून मीटिंग रूम केली. शॉवर गेले, टाइल्स गेल्या, भिंत गेली. पाइप मात्र छतात तसाच राहिला. मुख्य लाइनला जिथे टी, म्हणजे फांदी काढायचा तीन तोंडांचा जोड होता, तिथून २५ मिलिमीटरचा सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप सात मीटर पुढे जात होता आणि मीटिंग रूमच्या वर, प्रोजेक्टरच्या शेजारी, कॅप मारून संपत होता. त्याच्या बाजूने गरम पाण्याची तशीच एक लाइन. दोन्हींत पाणी अडकलेलं, दोन्हींचं दुसरं टोक बंद.

अशा फांदीला इंग्रजीतून आलेलं नाव आहे डेड लेग. ज्या पाइपात पाणी आहे पण त्यातून वाहून जायला वाट नाही, किंवा वाट आहे पण तिकडचा नळ महिनोन्‌महिने कुणी सोडत नाही, तो डेड लेग. आमचे प्लंबर मामा त्याला एवढंच म्हणतात, "कॅप मारलाय, काय होतंय?"

काय होतं ते बघू. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे सात मीटरमध्ये साडेतीन लिटरच्या आसपास. फार नाही, एक छोटी कळशी. पण ती कळशी झाकून, छतातल्या उकाड्यात, दोन-तीन वर्षं ठेवल्यासारखी आहे. पहिल्या काही दिवसांत त्यातला क्लोरिन संपतो. क्लोरिन टिकाऊ नसतो. पाइपाच्या भिंतीशी, पाण्यातल्या सेंद्रिय कणांशी झुंजण्यात तो खर्ची पडतो आणि मागून नवीन येत नाही. मग पाइपाच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरायला लागतो. घरात बादलीच्या तळाला बोट फिरवल्यावर जो चिकटपणा लागतो, तोच. त्याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू पाण्यात सुटे तरंगत राहण्यापेक्षा भिंतीला चिकटून, स्वतःभोवती चिकट पदार्थाचं आवरण करून राहणं पसंत करतात. त्या आवरणात क्लोरिन सहज शिरत नाही.

या थरात राहणाऱ्यांपैकी ज्याची इमारतींमध्ये सगळ्यात जास्त धास्ती घेतली जाते तो लिजिओनेला. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. त्यानंतर दोनशेहून अधिक लोकांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि ३४ जण दगावले. जिवाणू सापडायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला, आणि नाव त्या संघटनेवरून पडलं. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, बंद पाइपावर नाही. पण पुढे लक्षात आलं की हा जिवाणू कूलिंग टॉवरइतकाच इमारतीच्या गरम-थंड पाण्याच्या पाइपांतही सुखाने नांदतो. त्याला पाण्यातले अमीबा खातात, आणि तो पचण्याऐवजी त्यांच्या पोटातच वाढतो. बायोफिल्मवर चरणारे अमीबा म्हणजे त्याची आयती घरं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लिजिओनेलाला वास नसतो. आमच्याकडचा वास गंधकावर जगणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंचा असणार. वास आला म्हणजे लिजिओनेला आहे असं नाही, आणि वास नाही म्हणजे तो नाही असंही नाही. वासाने एवढंच सांगितलं की कुठेतरी पाणी खूप दिवस थांबलं आहे आणि तिथे क्लोरिन उरलेला नाही. आणि हा आजार सहसा पाणी पिऊन होत नाही. शॉवर, फवारा, नळाखाली उडणारे तुषार यांतले बारीक थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की होतो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही. पन्नाशीपुढचे, धूम्रपान करणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक त्याला जास्त बळी पडतात.

आता मूळ प्रश्न. पाणी जर बंद फांदीत अडकून पडलंय, तर ते वॉशरूमच्या नळात आलं कसं?

कारण फांदी पूर्ण पाण्याने भरलेली नव्हती. टोकाशी हवा अडकली होती. आमच्या इमारतीत हायड्रोन्यूमॅटिक पंप आहे. प्रेशर दोन किलोवर आलं की चालू होतो, तीन किलोवर गेलं की बंद. गेजवरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा एक किलो मिळवला की खरा दाब मिळतो, म्हणजे तीन आणि चार. समजा टोकाशी चार किलोला अर्धा लिटर हवा दाबून बसली आहे. दाब तीनवर आला की तीच हवा फुगून सुमारे ६७० मिलिलिटर होते. मधला १७० मिलिलिटरचा फरक जातो कुठे? फांदीतलं तेवढं पाणी टीतून मुख्य लाइनमध्ये ढकललं जातं. पंप चालू झाला, दाब चढला, की तेवढंच ताजं पाणी परत आत. एका कपाएवढं पाणी आत, एका कपाएवढं बाहेर, दिवसभर, पंपाच्या प्रत्येक फेरीला. पाइपाच्या लांबीत मोजलं तर टीजवळचं सुमारे एक फूटभर पाणी पुढे-मागे होत राहतं. डेड लेग म्हणायला मेलेला, पण छाती भरून श्वास घेतो. आत येणारं थोडं ताजं पाणी तिथल्या जिवाणूंना खाणं आणतं, आणि बाहेर जाणारं त्यांना नळापर्यंत पोचवतं.

टाकी धुतल्यावर वास का वाढायचा तेही यात आलं. टाकी धुताना खालच्या लाइन रिकाम्या व्हायच्या, परत भरताना फांदीच्या टोकाशी नवी हवा कोंडली जायची. एरवी ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून कमी होत गेली असती. आम्हीच दर वेळी तिला नवा श्वास देत होतो.

टाकी धुण्याबरोबर एकदा क्लोरिनचा तगडा डोसही मारून झाला होता. त्याचं गणित कागदावर बरोबर होतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन आणि किमान एक तास. हजार लिटर पाण्याला ५० ग्रॅम क्लोरिन लागतो, म्हणजे हायपो हे क्लोरिनचं द्रावण दहा टक्क्यांचं असेल तर अर्धा लिटर. (हायपोचा कॅन उन्हात महिना-दोन महिने पडला असेल तर तो दहा टक्क्यांचा राहिलेला नसतो, हे मात्र कुणी मोजत नाही.) मग प्रत्येक नळ सोडून क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी ओढायचं, बंद करायचं, तासभर ठेवायचं, धुवून टाकायचं. पण ज्या फांदीला नळच नाही तिच्यातून पाणी ओढणार कसं? वाहतं नसलेल्या पाण्यात क्लोरिन स्वतःहून पसरतो तो तासाला काही मिलिमीटर. टीच्या तोंडाशी पाणी घुसळल्यामुळे थोडा आत जातो, त्या श्वासाबरोबर आणखी फूटभर जातो, आणि पुढचे सहा-साडेसहा मीटर जसेच्या तसे. आठवड्याभरात तिथूनच पुन्हा लागण.

शेवटी शिडी लावली. सीलिंगची टाइल काढून मी पाइपावर हात ठेवला. थंड पाण्याची म्हटली जाणारी लाइन, मार्च महिना, सीलिंगमधलं तापमान ३१ अंश. गरम पाण्याच्या फांदीवर टीपासून सुरुवात करून दर फुटावर इन्फ्रारेड गन धरली. टीजवळ ५२, एका फुटावर ४४, दोन फुटांवर ३८, तीन फुटांवर ३४, पुढे सगळं ३१. लिजिओनेला २० ते ४५ अंशांत वाढतो, साधारण ३२ ते ४२ त्याला फार मानवतं. ६० अंशांवर तो मिनिटांत मरतो, ५० वर मरायला कित्येक तास लागू शकतात. मुख्य लाइन कितीही गरम ठेवा, तिच्यातून निघालेल्या बंद फांदीत कुठे ना कुठे त्याच्या आवडीचं तापमान असणारच. फांदी शोधायची ही सगळ्यात स्वस्त पद्धतही आहे. सगळे नळ नीट वापरात असताना एखादा गरम पाण्याचा पाइप दोन फुटांत गार पडत असेल, तर त्याच्या पुढे पाणी जात नाही.

ड्रॉइंगवर ही फांदी नव्हतीच. ड्रॉइंगमध्ये शॉवर पुसले होते आणि त्यांच्याबरोबर पाइपही पुसला होता.

लाइन बंद करून मामांनी कॅपजवळ पाइप कापला. आधी फस्‌ करून हवा निघाली. मग बादलीत जे आलं ते सुरुवातीला चहाच्या रंगाचं आणि शेवटी काळसर. कापलेल्या तुकड्याच्या आत बोट फिरवलं तर शेवाळलेल्या पायरीसारखं. त्या पाण्यात ओटी टेस्टचे थेंब टाकले. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं, हे टँकरवाल्यापासून ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. ते होतं तसंच राहिलं. त्याच वेळी मुख्य लाइनच्या पाण्याला हलका पिवळा रंग आला. दोन पाण्यांमध्ये अंतर सात मीटरचं.

मामांचा विचार होता की कापलेल्या जागी नवा कॅप मारू आणि फांदी छोटी करू. मी म्हटलं, "मामा, टीच काढा." ते म्हणाले, "साहेब, टी राहू द्या. पुढं पॅन्ट्री करायची झाली तर लागेल." डेड लेग जन्माला येतो तो बहुतेक या एका वाक्यातून. पुढे कधी लागेल. आर्किटेक्टही तेच म्हणतो, टेंडरमध्ये तेच लिहिलेलं असतं. टी काढून दोन कपलर आणि मध्ये सरळ तुकडा टाकायला अर्ध्या तासाचं काम आणि दोनशे-तीनशे रुपयांचं सामान. उद्या पॅन्ट्री झालीच तर तेवढ्याच खर्चात नवा टी बसतो. अगदीच टी ठेवायचा असेल तर कॅप टीला चिकटून, पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त शेपूट न ठेवता. मधे बॉल व्हॉल्व्ह टाकून बंद करणं हा उपाय नाही. व्हॉल्व्ह टीपासून दोन मीटरवर असेल तर ते दोन मीटर म्हणजे नवीन डेड लेगच.

दोन्ही टी गेले. मग क्लोरिनचा डोस पुन्हा दिला, या वेळी तो सगळीकडे पोचला. पाण्याचे नमुने लगेच घेतले नाहीत. डोस दिल्यावर त्याच दिवशी नमुना घेतला तर तो स्वच्छच येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. दोन दिवस ते आठवडा या मध्ये घ्यायचा. लॅबची बाटली एक लिटरची, आत क्लोरिन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, म्हणून बाटली विसळायची नाही. एकाच नळाचे दोन नमुने घेतले. एक नळ सोडल्यासोडल्या, दुसरा दोन-तीन मिनिटं वाहू दिल्यावर. पहिल्यात जास्त जिवाणू आणि दुसऱ्यात कमी, तर दोष त्या नळात किंवा त्याच्या जवळच्या पाइपात. दोन्हीत सारखे, तर दोष मागे, टाकीकडे. लिजिओनेलाचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवून केलेली मोजणी, यायला दहा दिवसांच्या आसपास लागतात, तोवर थांबायचं. ब्रिटनच्या मार्गदर्शनात लिटरला १००० कॉलनींच्या वर आकडा आला तर लगेच कारवाई, १०० ते १००० मध्ये पुन्हा नमुना आणि कारणांचा शोध. आमचे दोन्ही नमुने निरंक आले. कापण्याआधीचा नमुना घेतला नव्हता, त्यामुळे त्या फांदीत लिजिओनेला होताच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ही माझी चूक. कापण्याआधी बाटली भरायला हवी होती.

वास मात्र गेला.

सगळ्या फांद्या कापता येत नाहीत. तळघरातली ड्रायव्हर लोकांची बाथरूम, बोर्ड रूमशेजारचं बेसिन, दिव्यांगांसाठीचं टॉयलेट, हे नळ असायलाच हवेत आणि वापर मात्र कमी. हे नळ आठवड्यातून किमान एकदा मुद्दाम सोडायचे. किती वेळ? आमच्या हाउसकीपिंगच्या तक्त्यावर सगळ्यांना 'दोन मिनिटं' लिहिलं होतं. १५ मिलिमीटरचा पाइप आणि आठ मीटर अंतर असेल तर त्यात जेमतेम दीड लिटर पाणी, आणि मिनिटाला तीन लिटर देणाऱ्या नळाला अर्धं मिनिट पुरतं. पण बोर्ड रूमच्या बेसिनला २५ मिलिमीटरची लाइन वीस मीटरवरून येते. ती झाली दहा लिटर, म्हणजे त्याच नळाला साडेतीन मिनिटांच्या जवळपास. दोन मिनिटांत बंद केलं तर काय होतं? मधलं शिळं पाणी नळाच्या तोंडाशी आणून ठेवलं जातं, पुढच्या माणसासाठी. म्हणून आम्ही नळागणिक वेगळी वेळ लिहिली, आणि खूण म्हणून तापमान ठेवलं. पाणी हाताला मुख्य लाइनइतकं लागलं की बस. शॉवर असेल तर त्याचं तोंड काढून किंवा त्यावर पिशवी बांधून सोडायचं, नाहीतर ज्या तुषारांची भीती तेच आपण उडवतो आणि सोडणाराच श्वासात घेतो.

पंपांकडेही याच नजरेने बघावं. दोनपैकी एक चालतो, दुसरा राखीव. राखीव पंप आणि त्याचे दोन्हीकडचे पाइप म्हणजे पाण्याने भरलेली थांबलेली फांदीच. आठवड्याला पाळी बदलली की प्रश्न मिटतो. आगीच्या पाण्याच्या टाकीसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत एक छान युक्ती आहे. आधी आगीची टाकी भरायची आणि तिच्यातून ओसंडणारं पाणी घरगुती वापराच्या टाकीत घ्यायचं. आगीचं पाणी वापरलं जात नाही, पण या रचनेत ते बदलत राहतं.

परदेशातली मार्गदर्शनं वाचताना आपल्याकडे एक अडचण येते. ती सांगतात, थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, गरम पाणी साठवणीत ६० आणि नळाशी ५०. गरमचं आपण करू शकतो. थंडचं? एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं 'थंड' पाणी सहज तिशी ओलांडतं. म्हणजे तापमान हे हत्यार आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धं बोथट आहे. उरतात दोन, पाणी हलतं ठेवणं आणि त्यात क्लोरिन असणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन सांगितलाय. तो गच्चीच्या टाकीत नव्हे, सगळ्यात लांबच्या नळाशी मोजायचा.

आणि हलतं ठेवायचं म्हणजे साठा वापराएवढा ठेवायचा. ऑफिसला माणशी रोज ४५ लिटर धरतात. आमची इमारत चारशे लोकांसाठी होती, म्हणजे १८,००० लिटरची टाकी. आता घरून कामाच्या सवयीमुळे रोज येतात सरासरी ११०. रोजचा खप ५,००० लिटर, म्हणजे टाकीतलं पाणी बदलायला साडेतीन दिवसांवर जातात आणि तेवढ्यात क्लोरिन उडून जातो. टाकीचे दोन कप्पे होते. एक रिकामा करून, वाळवून बंद ठेवला. भरून बंद नाही, रिकामा करून. दुसऱ्यात लेव्हल स्विच खाली आणला. शेवटच्या नळाशी ओटीला पुन्हा रंग आला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम सुरू झालं. जुनी पॅन्ट्री निघाली, नवीन दुसऱ्या कोपऱ्यात. ठेकेदाराला मी आधीच सांगितलं होतं की टीपासून काढा. संध्याकाळी बघायला गेलो तर सीलिंगची शेवटची टाइल बसवून तो हात पुसत होता. म्हणाला, "काळजी नको साहेब, व्हॉल्व्ह बंद केलाय आणि वर कॅपपण मारलाय." मामा माझ्याकडे बघून हसले आणि शिडी आणायला गेले.